दोन सामन्यांमधील घास

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. आपल्या शाळेचा कबड्डीचा संघ आंतरशालेय स्पर्धेसाठीं परगांवीं गेला होता आणि संघाबरोबर शिक्षक म्हणून आम्ही होतों. सकाळचे दोन सामने आपल्या मुलांनीं जिंकले. दुपारीं साडेबारा वाजतां यजमानांनीं मोठ्या अगत्यानें मुलांस जेवावयास बसविलें. पानांत पुऱ्या, बटाट्याची भाजी व शिरा होता. पुढील सामन्यास अवकाश किती, असें आम्हीं विचारलें, तेव्हां मध्यें आणखी तीन सामने आहेत, दोन तास तरी सहज मिळतील, असें उत्तर आलें. सकाळपासून उपाशी असलेलीं तीं मुलें पोटभर जेवलीं. आम्हींही त्यांस आग्रह केला.

जेवण आटोपून हात धुतात न धुतात तोंच आपल्या शाळेचा पुकारा झाला. मधल्या तीन सामन्यांपैकीं दोन सामन्यांचे संघ आलेच नव्हते आणि तिसरा सामना शेजारच्या मैदानावर हलविला होता. आमचा सर्वांत चांगला चढाईपटू त्या दिवशीं तिसऱ्या चढाईंतच दम सोडून बसला. पुढच्या वेळीं प्रतिपक्षाच्या मुलानें त्याच्या कमरेस मिठी घातली, तसा तो कसाबसा सुटला, परंतु रेषेबाहेर येऊन त्यास ओकारी झाली. सामना आपण चार गुणांनीं हरलों. परत येतांना गाडींत तो मुलगा कोणाशीं बोलेना. खरें पाहतां त्याचा कांहींच अपराध नव्हता. त्यास पानावर बसविणारे आम्ही होतों.

या प्रसंगानें आम्हांस ह्या विषयाचा अभ्यास करणें भाग पाडलें. जें कळलें व पुढील दोन वर्षांत अनुभवास आलें, तें विद्यार्थ्यांच्या व विशेषतः त्यांचे डबे भरणाऱ्या पालकांच्या उपयोगी पडेल, म्हणून येथें लिहीत आहों.

कबड्डी हा इतर खेळांहून एका बाबतींत निराळा आहे. चढाई करणाऱ्यास एका श्वासावर ‘कबड्डी, कबड्डी’ असा स्पष्ट उच्चार करीत तीस सेकंदांपर्यंत प्रतिपक्षाच्या अंगणांत वावरावें लागतें. हा दम छातीच्या खालीं आडव्या पसरलेल्या श्वासपटलाच्या बळावर टिकतो. श्वास आंत घेतांना हें पटल खालीं सरकतें, आणि त्याच्या खालींच जठर आहे. जठर अन्नानें फुगलेलें असलें कीं पटलास खालीं सरकावयास जागा पुरत नाहीं, श्वास अपुरा भरतो आणि दम लौकर तुटतो. त्यांत पकडींच्या वेळीं पोटावर जो दाब येतो तो वेगळाच. म्हणून इतर खेळांत जें जडपण केवळ त्रासदायक वाटतें, तें कबड्डींत गुण घालवितें.

आतां जठर रिकामें होण्यास वेळ किती लागतो? हें अन्नाच्या प्रकारावर व प्रमाणावर अवलंबून आहे. साधें पाणी सर्वांत लौकर पुढें सरकतें. त्यानंतर पातळ गोड पेयें, मग केळें किंवा मऊ भात यांसारखे पिठूळ पदार्थ. डाळी, मांस, अंडीं यांस अधिक वेळ लागतो. आणि तेलातुपाचे पदार्थ सर्वांच्या मागें राहतात. कारण स्निग्ध पदार्थ लहान आंतड्यांत उतरूं लागले म्हणजे आंतडें जठरास ‘जरा सावकाश’ असा निरोपच पाठवितें. एक केळें बहुतेक मुलांस पाऊण तासांत जाणवेनासें होतें; वाटीभर दहींभातास दीड तास द्यावा; वरणभाताच्या बेताच्या जेवणास तीन तास; परंतु पुऱ्या, शिरा व भाजी यांच्या भरपेट जेवणास चार तासही पुरत नाहींत. शिवाय पचनाच्या वेळीं जें रक्त पोटाकडे वळतें, तेंच धांवतांना पायांच्या स्नायूंस हवें असतें. दोघांची ओढाताण झाली कीं मळमळ, पोटांत कळ किंवा ओकारी होते. त्या दिवशीं आपल्या मुलाच्या पोटांत जें घडलें तें हेंच.

त्या अनुभवानें पोळलेल्या मुलांनीं पुढील वर्षीं दुसरें टोक गांठलें. संघनायकानें सर्वांस बजावलें कीं शेवटचा सामना होईपर्यंत कोणी कांहीं खावयाचें नाहीं. आम्हांसही तें तेव्हां पटलें. परिणाम असा झाला कीं पहिले तीन सामने उत्तम गेले, आणि चौथ्यांत सर्वच मुलें एकदम मंदावलीं. पायांत गोळे येऊं लागले, पकडींत हात उशिरा पडूं लागले, आणि बोनस रेषेचा विसर पडण्यासारख्या ज्या चुका तीं मुलें एरवीं करीत नाहींत, त्याही झाल्या.

याचें कारण स्नायूंच्या कोठारांत आहे. भात, भाकरी, फळें यांतील पिष्ट व साखर शरीर ग्लायकोजनच्या रूपानें स्नायूंत व यकृतांत सांठवून ठेवतें. चढाईसारख्या झटक्याच्या कामास पहिल्या कांहीं सेकंदांपुरती शक्ति स्नायूंत तयारच असते. परंतु अशा चढाया व पकडी पुन्हां पुन्हां होऊं लागल्या कीं ग्लायकोजन भराभर खर्च होतें. एका सामन्यानें तें संपत नाहीं, म्हणून उपाशी मुलास सकाळीं आपण अगदीं ठीक आहों असें वाटतें. तिसऱ्या-चौथ्या सामन्याच्या सुमारास मात्र तळ लागूं लागतो. तेव्हां खावें तर दम तुटतो आणि न खावें तर पाय थकतात, असा हा पेंच आहे. त्यांतून वाट एकच, ती म्हणजे मिळालेल्या अवकाशाच्या मापानें खाणें, आणि खावयाचें तें सामना संपल्याबरोबर.

आतां अवकाश मोजावा कसा? वेळापत्रकावरील घड्याळावर विसंबूं नये, हें आम्ही महाग किंमत देऊन शिकलों. कबड्डीच्या स्पर्धेंत खरें घड्याळ म्हणजे आपल्या आधीं त्या मैदानावर किती सामने उरले आहेत हें होय. आपल्या मुलांच्या गटांत पंधरा मिनिटांचे दोन डाव व मध्यें पांच मिनिटें विश्रांति असते. खेळ थांबविण्याच्या वेळा, संघांची अदलाबदल व पंचांचें लिखाण धरून एका सामन्यास पाऊण तास धरावा. सामना संपल्याबरोबर संघाबरोबरच्या शिक्षकानें प्रथम गुणलेखकांच्या मेजाकडे जावें आणि दोन प्रश्न विचारावे. आमच्या आधीं किती सामने आहेत? आणि त्या सर्व शाळांचे संघ मैदानावर हजर आहेत काय? ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर नीट मिळालें नाहीं, तर सांगितलेल्या संख्येंतून एक सामना वजा करूनच खाण्याचा बेत ठरवावा. मध्यें तीन सामने सांगितले तर दोनच आहेत असें समजावें. दोन सांगितले तर एकच. अंदाज चुकून वेळ अधिक मिळाला तर मागाहून एक केळें खातां येतें. खाल्लेली पुरी मात्र परत काढतां येत नाहीं.

गेल्या वर्षीं आम्हीं हाच नियम पाळला. त्या दिवसाची हकीकत एका मुलाच्या संबंधानें सांगतों. त्याचें वजन सुमारें ४८ किलो.

पहिला सामना दहा वाजतां होता. सकाळीं पावणेसात वाजतां त्यानें घरीं दोन वाट्या मऊ भात, मुगाचें पातळ वरण व एक केळें एवढें खाल्लें. भातावर तूप नांवापुरतें होतें. सामन्यापूर्वीं तीन तास मिळत असतील तर दर किलो वजनास सुमारें दोन ग्रॅम पिष्टमय अन्न पोटांत जावें, असा ठोकताळा आहे. या मुलास तें ९५ ग्रॅमच्या आसपास होतें, आणि वरील जेवणांत तितकें मिळतें. भाताची संवय नसलेल्या मुलानें तीन पातळ पोळ्या, थोडा गूळ व पेलाभर दूध घेतलें तरी चालेल. बाजरीची भाकरी, मोड आलेलीं कडधान्यें, कोबी हे एरवींचे उत्तम पदार्थ त्या सकाळपुरते बाजूस ठेवावे, कारण त्यांतील चोथ्यानें व वायूनें पोट भरलेलें राहतें.

पावणेअकराला पहिला सामना संपला. मध्यें दोन सामने होते व सर्व संघ हजर होते, म्हणजे दीड तास. अंगावरचा घाम पुसतां पुसतांच त्यानें राजगिऱ्याचा एक लाडू व एक केळें खाल्लें आणि पुढील अर्ध्या तासांत दीड पेला लिंबाचें सरबत थोडें थोडें घेतलें. हें खाणें पहिल्या पंधरा मिनिटांत आटोपणें महत्त्वाचें आहे. मुलें प्रथम गप्पा मारतात, दुसऱ्यांचा सामना पाहतात, आणि पुकारा जवळ आला कीं मग डबा उघडतात. तोच लाडू अकरा वाजतां खाल्ला तर पायांस पोंचतो, आणि बारा वाजतां खाल्ला तर पोटांतच राहतो.

एक वाजतां दुसरा सामना संपला. यजमानांचें जेवण तयार होतें आणि मध्यें तीन सामने सांगितले गेले. परंतु एका शाळेचा संघ दिसत नव्हता. म्हणून आम्हीं दोन सामन्यांच्या हिशेबानें, म्हणजे दीड तास मिळेल असें धरून खाण्याचें ठरविलें. मुलानें दीड वाटी दहींभात, मीठ लावलेला एक उकडलेला बटाटा व एक पेला पाणी घेतलें. पक्वान्न व तळण आम्हीं यजमानांची क्षमा मागून डब्यांत भरून घेतलें आणि ते डबे आपल्या ताब्यांत ठेवले. सव्वातीनच्या सामन्याचा पुकारा अडीच वाजतांच झाला! त्या वेळीं आमच्या छातींत धस्स झालें हें कबूल करतों. परंतु मुलें हलकीं होतीं.

शेवटच्या दोन सामन्यांमध्यें जेमतेम पंचवीस मिनिटें मिळालीं. इतक्या थोड्या वेळांत घन अन्न देण्यांत अर्थ नसतो. तीन खजूर, आणि सरबताचे सात-आठ घोट, एवढेंच दिलें. खजूर न आवडणाऱ्यांस गुळाचा लहान खडा दिला. कित्येकांस अशी भीति असते कीं खेळण्यापूर्वीं गोड खाल्लें तर रक्तांतील साखर उलट उतरते. विश्रांतींत बसून, पाऊण तास आधीं खूप गोड खाल्लें तर कांहीं मुलांस प्रारंभीं किंचित् भोवळल्यासारखें होतें हें खरें; परंतु दोन सामन्यांच्या मध्यें अंग तापलेलें असतां थोडेंसें गोड घेतल्यानें तसें सहसा होत नाहीं.

सरबताविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण येथें चुका फार होतात. एक लिटर पाण्यांत चहाचे सपाट बारा चमचे साखर, एका लिंबाचा रस आणि चहाच्या चमच्याचा चौथा भाग मीठ, हें प्रमाण आम्ही वापरतों. यांत साखर शेंकडा पांच-सहा भाग पडते, आणि इतकी पातळ असली तरच ती पाण्याबरोबर जठरांतून झटपट पुढें जाते. उलट कित्येक मुलें ग्लुकोजची भुकटी मूठभर तोंडांत टाकतात, किंवा अर्ध्या पेल्यांत तीन-चार चमचे कालवून तिचा पाक करून पितात. असा दाट पाक जठरांत रेंगाळतो, आणि आंतड्यांत उतरला म्हणजे त्यास पातळ करण्यासाठीं शरीरांतलेंच पाणी आंतड्यांत ओढलें जातें. ज्या मुलास पाण्याची गरज आहे त्याच्याच अंगांतलें पाणी अशा रीतीनें पोटांत जाऊन पडतें; मग मुरडा येतो, क्वचित् जुलाबही होतो. पेय फार दाट झालें हें ओळखण्याची खूण सोपी आहे: पिऊन झाल्यावर ओठ चिकट होतात व तहान अधिकच लागते. वायु भरलेलीं बाटलींतील शीतपेयें तर चढाईपटूस अगदींच निरुपयोगी; अर्ध्या उच्चारांत ढेकर आली कीं दम गेलाच. उत्तेजक म्हणून डब्यांतून विकलीं जाणारीं कॅफीनयुक्त पेयें मुलांनीं मुळींच घेऊं नयेत.

पाणी किती प्यावें हें मुलागणिक बदलतें. सरावाच्या दिवशीं घाम पुसून सामन्यापूर्वीं व सामन्यानंतर वजन करून पाहावें. चारशे ग्रॅम घटले तर, मध्यें कांहीं प्यायलें नसल्यास, सुमारें चारशे मिलिलिटर घाम गेला असें समजावें, आणि तितकें किंवा थोडें अधिक पाणी पुढील अवकाशांत घोट-घोट करून भरून काढावें. एका दमांत तांब्या रिकामा केला तर धांवतांना पोटांत पाणी डुचमळतें. त्याचप्रमाणें तहान नसतांना भीतीपोटीं लिटरच्या लिटर पाणी पिणेंही अपायकारक आहे. लघवी गर्द पिंवळी व थोडी होत असेल तर पाणी कमी पडलें हें निश्चित.

ह्यासंबंधांत एक गोष्ट आम्हांस पालकांच्या कानांवर मुद्दाम घालावयाची आहे. कबड्डींत गटागटास वजनाची मर्यादा असते आणि स्पर्धेच्या आधीं मुलांस तोलतात. ज्यांचें वजन मर्यादेच्या किंचित् वर असतें तीं मुलें आदल्या दिवशीं जेवत नाहींत, पाणी पीत नाहींत, दोन-दोन सदरे घालून उन्हांत धांवतात, आणि वजन झालें कीं जें दिसेल तें खातात. घरीं त्यांतलें कांहीं कळत नाहीं. अशा रीतीनें उतरलेलें किलोभर वजन म्हणजे चरबी नव्हे. तें बहुतेक पाणी असतें, आणि तासा-दोन तासांत तें पुरें भरून येत नाहीं. रक्त दाट होतें, अंग तापतें, गोळे येतात, आणि उन्हाच्या दिवशीं हा प्रकार जिवावरही बेतूं शकतो. आम्हीं आतां असें ठरविलें आहे कीं स्पर्धेच्या तीन आठवडे आधीं मुलांचें वजन करावयाचें, आणि जो मर्यादेबाहेर असेल त्यास वरच्या गटांत खेळवावयाचें किंवा त्या वर्षीं थांबवावयाचें. यावर गेल्या वर्षीं एका पालकांची नाराजी आम्हीं ओढवून घेतली. ती आम्हांस मान्य आहे. जो मुलगा मर्यादेच्या आंत आहे, परंतु अगदीं कांठावर, त्यानें आदल्या रात्रीं नेहमींप्रमाणें पण कमी चोथ्याचें जेवावें, पाणी पीत राहावें, सकाळीं हलकें खावें, आणि तोलल्यानंतर लगेच एक केळें, दोन पोळ्या व गूळ आणि पेलाभर सरबत घ्यावें.

बॅडमिंटन खेळणाऱ्यांसही हा हिशेब बहुतांशीं लागू पडतो. मात्र त्यांचा सामना किती वेळ चालेल याचा नेम नसतो, म्हणून सामन्यांच्या संख्येवरून काढलेला वेळ त्यांनीं अधिकच जपून धरावा. दोन डावांच्या मधल्या विश्रांतींत त्यांनीं सरबताचे दोन-तीन घोट घ्यावे, यापलीकडे कांहीं नको. ज्या विद्यार्थ्यास मधुमेह आहे त्यानें यांतील कोणतेंही प्रमाण आपल्या डॉक्टरांस विचारल्याशिवाय घेऊं नये.

प्रत्येकाचें पोट सारखें नसतें, हेंही ध्यानांत ठेवावें. आपल्या संघांतील एका मुलास केळ्यानें हटकून आंबट ढेकर येतात; त्यास आम्ही उकडलेला बटाटा देतों. म्हणून स्पर्धेच्या दिवशीं नवीन पदार्थ पोटांत घालूं नये. जें खावयाचें तें सरावाच्या दिवसांत आधीं दोनदां तरी खाऊन, मग खेळून पाहावें. आमची एक साधी परीक्षा आहे. खाल्ल्यानंतर तासाभरानें मुलास मैदानाच्या दोन फेऱ्या धांवावयास लावतों व लगेच दम घेऊन ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणावयास सांगतों. रिकाम्या पोटीं त्याचा दम जितका टिकतो त्याच्या जवळपास टिकला, तर तें अन्न त्यास मानवलें. मध्येंच तुटला किंवा खाल्लेल्याच्या चवीची ढेकर आली, तर जठर अजून भरलेलें आहे. प्रमाण कमी करावें किंवा वेळ वाढवावा.

आतां डब्याविषयीं. स्पर्धेच्या दिवशीं माउलींचा जीव डब्यांत उतरतो, हें आम्ही वर्षानुवर्षें पाहत आलों आहों. कोणी चकल्या-शंकरपाळे देतात, कोणी रस्सा देतात, कोणी तुपांत थबथबलेले लाडू. आमची विनंती एवढीच कीं हे पदार्थ घरीं ठेवावे आणि मुलगा संध्याकाळीं परत आल्यावर त्यास पोटभर वाढावे. तेव्हां त्यास डाळ, अंडीं, मांस, तूप या सर्वांची खरोखरच गरज असते, कारण दिवसभराची झीज रात्रींच भरून निघावयाची असते. सकाळच्या पिशवींत तीन केळीं, राजगिऱ्याचे दोन लाडू, सातआठ खजूर, घट्ट झांकणाच्या डब्यांत दहींभात आणि दोन उकडलेले बटाटे असले म्हणजे झालें. दहींभात उन्हांत आंबतो. म्हणून भात पुरा निवल्यावर त्यांत दूध अधिक व विरजणापुरतेंच दहीं घालावें, म्हणजे दुपारपर्यंत तो बेताचा लागतो, आणि डबा ओल्या फडक्यांत गुंडाळून सावलींत ठेवावा. सरबताची साखर, मीठ व लिंबें शाळेकडून येतील. पाणी उकळून निववलेलें प्रत्येकानें घरून दोन लिटर आणावें. बाटलीवर नांव घालावयास विसरूं नये, कारण मागील खेपेस एकाच रंगाच्या नऊ बाटल्या निघाल्या होत्या.